पालकभेटीत ठरलेल्या गोष्टी : ईशान, इयत्ता तिसरी ‘ब’

ईशानच्या आई-बाबांना सप्रेम नमस्कार,

शनिवारी, २२ नोव्हेंबर २०२५ रोजी झालेल्या भेटीत जे ठरलं ते खाली लिहिलं आहे. काही राहिलं असेल तर या चिठ्ठीच्या मागे लिहून ईशानच्या दप्तरातून पाठवा.

वजाबाकी : बेरीज आणि पाढे पक्के आहेत. दशक सुटा करावा लागतो तिथेच गाडी अडते. ५२ − २७ चं उत्तर तो ३५ लिहितो, कारण २ मधून ७ जात नाहीत म्हणून सरळ ७ मधून २ वजा करतो. हा धांदरटपणा नव्हे, त्यामुळे “नीट बघून कर” म्हणून उपयोग नाही. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबरबँडने बांधा. ५ गठ्ठे आणि २ सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवून २७ मागा. सुट्या पुरत नाहीत हे कळलं की एक गठ्ठा त्यालाच सोडू द्या. ४ गठ्ठे आणि १२ सुट्या काड्या दिसल्यानंतरच वहीत ५ खोडून ४ आणि २ च्या डोक्यावर १२ लिहायचं. रोज पाच उदाहरणं पुरे. मध्ये शून्य असलेली, म्हणजे ४०२ − १७८ सारखी, घरी देऊ नका. ती मी डिसेंबरात वर्गात घेईन. आणि आईंनी कबूल केल्याप्रमाणे चुकलेलं उत्तर पुसायचं नाही. पुसलेल्या वहीत चूक कुठल्या पायरीवर झाली ते मला दिसत नाही.

वाचन : रफार आला की तो अंदाजाने वाचतो; ‘गर्दी’चं ‘गादी’ होतं. रात्री बाबांनी दहा मिनिटं शेजारी बसावं. आधी बाबांनी एक परिच्छेद वाचायचा, मग तोच ईशानने बोट ठेवून. अडला तर लगेच शब्द सांगू नका, पाच आकडे मोजेपर्यंत थांबा. नंतर ‘गर्-दी’ असा तोडून त्याच्याकडूनच म्हणवून घ्या. पाठ्यपुस्तकच हवं असं नाही, वाण्याची यादीही चालेल.

फळ्यावरून उतरवताना शब्द गळतात, पण पुस्तकातून उतरवताना फारसे गळत नाहीत. म्हणून ५ डिसेंबरपर्यंत डोळे तपासून घ्या. सोमवारपासून त्याला दुसऱ्या बाकावर बसवलं आहे. चष्मा लागला तर मला सांगा, म्हणजे वर्गात कोणी चिडवणार नाही याकडे लक्ष ठेवता येईल.

शिकवणी तूर्त नको, यावर आपलं एकमत झालं. संध्याकाळचं खेळणं बंद करू नये.

पुढची भेट शनिवारी, २० डिसेंबरला सकाळी ११ वाजता. त्याआधी मी त्याच्याकडून दशक सुटा करण्याची १० उदाहरणं वर्गात सोडवून घेईन. ८ बरोबर आली तर काड्या बंद. कमी आली तर जानेवारीत मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला त्याला वेगळं बसवून शिकवीन. येताना गणिताची घरची वही आणा.

आपली,
वर्गशिक्षिका, तिसरी ‘ब’