बुटीकसाठी मास्टर टेलर पाहिजे

आमच्या लेडीज बुटीकला कटिंग आणि फिटिंग स्वतंत्रपणे सांभाळणारा मास्टर हवा आहे. बाई असो वा पुरुष, हरकत नाही. हाताखाली चार कारीगर आहेत. हूक, काज आणि तुरपाईला एक ताई आहेत. जरदोसी, आरीचं काम बाहेर जातं, पण त्यासाठीचा खाका मास्टरनंच काढून द्यायचा. भरतकाम झाल्यावर गळा अर्धा इंच सरकला तर नंतर काही करता येत नाही.

काम कोणतं

निम्म्याहून जास्त काम ब्लाउजचं: प्रिन्सेस कट, कटोरी, पॅडेड, बोटनेक, मागे खोल गळा आणि डोरी. त्यानंतर कळीचा लेहंगा, अनारकली, कुर्ती-पँट, थोडे गाऊन. लग्नसराईत नऊवारी शिवून देण्याच्याही ऑर्डरी येतात. ती येत नसेल तर शिकवू. ब्लाउज आणि लेहंगा मात्र हातात बसलेला हवा. पुरुषांचे कपडे आणि शाळेचे गणवेश आम्ही घेत नाही.

माप घेण्यापासून ट्रायलपर्यंत गिऱ्हाईकाशी मास्टरच बोलतो. त्यामुळे "हा गळा तुमच्या खांद्याला उतरेल" हे ऑर्डर घेतानाच सांगता आलं पाहिजे, ट्रायलला नव्हे.

पगार

महिना ३२,००० रुपये ठरलेले. त्यात १२० ब्लाउजचं कटिंग धरलं आहे. एक लेहंगा किंवा अनारकली म्हणजे चार ब्लाउज असा हिशोब. त्यापुढच्या प्रत्येक ब्लाउजला ७० रुपये, लेहंग्याला २८० रुपये. मोजणी रजिस्टरमध्ये रोज दोघांच्या सहीनं होते आणि पैसे ७ तारखेला मिळतात. कटिंग चुकलं तर कापडाची किंमत पगारातून कापत नाही, पण तो पीस मोजणीत येत नाही. माप बरोबर असून गिऱ्हाईकाचं मन बदललं, तर ते ऑल्टर वेगळं धरून त्याचे पैसे देतो. यावरूनच सगळीकडे भांडणं होतात म्हणून आधीच लिहिलं.

वेळ सकाळी साडेदहा ते संध्याकाळी साडेसात, सोमवारी सुट्टी. साडेसातनंतर थांबावं लागलं तर तासाला २०० रुपये.

नमुना शिलाई

अनुभवाचा कागद नको, हात बघायचा आहे. चाचणी एका दिवसाची. निवड होवो न होवो, त्या दिवसाचे १,२०० रुपये संध्याकाळी रोख मिळतील. कापड, अस्तर, दोरा आमचा. कात्री स्वतःची आणलेली बरी.

पहिलं काम: अस्तराचा प्रिन्सेस कट सिल्क ब्लाउज. छाती ३७, कंबर ३२, लांबी साडेचौदा, शोल्डर सव्वाचौदा, बाही १०, दंडघेर १२, मागचा गळा ९ खोल, पुढे हूक. वेळ पाच तास. अस्तराचं सुती कापड मुद्दाम न भिजवलेलं देऊ. ते भिजवून, वाळवून, इस्त्री करून मग कापायचं; नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि वरचं सिल्क फुगतं. बाजूला दीड इंच मार्जिन हवं. इतक्या खोल गळ्याला शोल्डर मापाइतकंच ठेवलं तर पट्टी खांद्यावरून घसरते, तेव्हा किती कमी केलं आणि का, हे आम्ही विचारू. ब्लाउज त्याच मापाच्या बाईला घालून पाहतो. पुतळ्यावर नाही, पुतळा हात वर करत नाही.

दुसरं: एक शिवलेली कुर्ती देऊ. हात उचलला की ती अख्खी वर चढते. मुंढा घट्ट वाटतो म्हणून बरेच जण तो आणखी खाली कापतात आणि कुर्ती जास्तच चढते. मुळात खोल मुंढ्यानंच हात अडतो. ती न कापता दोष कुठे आहे ते खडूनं दाखवायचं.

तिसरं कागदावर: १२ कळ्यांचा लेहंगा, कंबर ३२, उंची ४०, खाली प्रत्येक कळी १२ इंच, शिलाईला दोन्ही बाजूंनी अर्धा इंच, वरखाली मिळून ३ इंच. कापडाचा पन्हा ४४ इंच आणि बुटी एकाच दिशेची. कापड किती लागेल? कळ्या उलटसुलट बसवल्या तर सव्वातीन मीटरच्या आसपास भागतं, पण इथे बुटी उलटी दिसेल. मग पन्ह्यात तीनच कळ्या बसतात आणि साडेचार मीटरच्या आसपास लागतं. गिऱ्हाईक कापड आणायला जाण्याआधी हे सांगणारा माणूस आम्हाला हवा, म्हणून उत्तर इथेच दिलं आहे. चाचणीत आकडे वेगळे असतील.

पॉवर मशीन आणि इंटरलॉक चालवता आलं पाहिजे. कागदी पॅटर्न काढण्याची सवय असेल तर उत्तम. सरळ कापडावर खडू मारणारेही चालतील, पण रिपीट ऑर्डरसाठी आम्हाला पॅटर्न जपून ठेवायचे असतात.

मंगळवार ते शुक्रवार, दुपारी १२ ते २ या वेळात आत काउंटरवर भेटा. स्वतः शिवलेला एक ब्लाउज आणा. आम्ही तो उलटा करून आतली शिलाई बघतो. चाचणीचा दिवस तेव्हाच ठरेल.