सुटे पैसे

सकाळची आठ दहाची गाडी. ती चढायची, डावीकडच्या तिसऱ्या खिडकीशी बसायची. कंडक्टर न विचारताच तिकीट फाडायचा. ती मोजून आणलेले सुटे पैसे त्याच्या तळहातावर ठेवायची. मग दोघंही हसायची. अकरा वर्षं एवढंच. नाव नाही, गाव नाही. पण भर पावसात ती धावत येताना दिसली, की घंटीच्या दोरीकडे गेलेला त्याचा हात आपोआप खाली यायचा.

मग तीन आठवडे ती दिसलीच नाही. त्या स्टॉपवर गाडी रोज जरा जास्त थांबू लागली. ड्रायव्हर आरशात बघायचा, बोलायचा काही नाही.

चौथ्या सोमवारी ती आली. हातात काठी, चेहरा पार उतरलेला. पायरीपाशीच अडखळली. त्यानं खांद्यावरची चामडी पिशवी मागे सारली आणि हात पुढे केला. खिडकीतल्या मुलाला नुसत्या मानेनं उठवलं. ती बसली, पर्स चाचपू लागली. नाणी सापडेनात, बोटं थरथरत होती.

"सावकाश," तो म्हणाला.

तिनं चमकून वर पाहिलं. असा आहे होय याचा आवाज!

आणि ती हसली.