जुलै–सप्टेंबर तिमाहीचा अपडेट: इन्सेंटिव्ह नाही, तिसरी शिफ्ट बंद, आणि सोमवारपासून काय करायचं

मंडळी नमस्कार,

खंडेनवमीची पूजा झाली, दिवाळी तोंडावर आलीय आणि सगळे आकड्यांची वाट बघालेत हे माहीत आहे, म्हणून वाईट बातमी आधी सांगतो. या तिमाहीचा प्रॉडक्शन इन्सेंटिव्ह कुणालाच मिळणार नाही, ना फाउंड्रीला, ना मशीन शॉपला, ना ऑफिसला, माझाही नाही. 3 नोव्हेंबरपासून तिसरी शिफ्ट बंद होतीय, निदान जानेवारी संपेपर्यंत. आणि मार्चपासून ज्या नव्या व्हीएमसीची चर्चा चाललीय तिची ऑर्डर पुढे ढकलली.

दिवाळी बोनसचा याच्याशी संबंध नाही. तो मागच्या आर्थिक वर्षाचा आहे, कायद्याचा 8.33 टक्के, 16 ऑक्टोबरला खात्यावर जमा होईल. गेटवर कालपासून "बोनस पण गेला" असं चाललंय, ते खरं नाही. कुणाला कामावरून काढणार नाही, पगार 7 तारखेलाच होणार. डिसेंबरमध्ये ज्या ट्रेनीची मुदत संपतीय त्यांची परमनंटची पत्रं पण ठरल्याप्रमाणे निघतील. नवीन भरती मात्र जानेवारीपर्यंत नाही.

आता हे झालं कशामुळं. हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बॉडीचे 18,000 नग द्यायचे होते, गेले 13,400, म्हणजे 74 टक्के. इन्सेंटिव्हला 95 टक्के डिस्पॅच आणि 4 टक्क्यांच्या आत रिजेक्शन लागतं. आपलं रिजेक्शन 6.9 वर गेलं, त्याच्या आधीच्या तिमाहीत 3.1 होतं. शिवाय पुण्याच्या कस्टमरच्या लाईनवरून 212 नग परत आले, सगळ्यांची तक्रार एकच, प्रेशर टेस्टला लीक. त्यांनी आता या पार्टची 40 टक्के ऑर्डर नोव्हेंबरपासून दुसऱ्या सप्लायरला दिलीय. आपल्याकडं 60 राहिली, आणि तेवढ्या कामाला दोन शिफ्ट पुरतात, तिसरीला लोड उरत नाही.

परत आलेले नग कापून बघितले तर जवळजवळ सगळ्यात ब्लोहोल आतल्या गॅलरीला लागून, म्हणजे कोरच्या बाजूनं. जुलै-ऑगस्टचा आपल्याकडचा पाऊस तुम्हाला काय सांगायचा, खानापूर साईडनं येणाऱ्यांना तर अजिबात नको सांगायला. त्या हवेत कोल्डबॉक्सचे कोर शेडमध्ये दोन-दोन, तीन-तीन दिवस रॅकवर पडून राहिले, ओल धरली, वरून कोटिंग पाण्याचं आणि घाईत ओव्हनमध्ये पूर्ण सुकलेलं नाही. गरम मेटल त्यावर पडलं की त्या ओलीचा गॅस होतो, आणि व्हेंटमधून बाहेर पडायला वाट नाही मिळाली की तो मेटलमध्येच अडकतो. त्यात लाईट ये-जा करत होती, लॅडल थांबून राहिलं, 1400 डिग्रीच्या आसपास ओतायचं ते खाली आलेलं, मग गॅस निघायच्या आधीच मेटल घट्ट व्हायचं. बाहेरून बघितलं तर कास्टिंग एकदम स्वच्छ, फेटलिंगला पास, आणि मशीनवर ड्रिल आत गेल्यावर भोक उघडं पडायचं. एका नगावर 22 मिनिटं मशीन चालवून तो भंगारात टाकायचा, म्हणजे मेटल, वीज, टूल, माणसाची मेहनत सगळंच गेलं. मशीन शॉपच्या पोरांनी या तीन महिन्यात कमी काम केलं असं कुणी म्हणत असेल तर ते साफ चुकीचं आहे, त्यांनी जास्तच केलं, फक्त त्यातलं बरंच वाया गेलं.

अजून एक सांगायलाच पाहिजे. कोर शॉपच्या अक्कांनी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातच "कोर हाताला ओला लागतोय" असं सांगितलेलं, शिफ्टच्या रजिस्टरमध्ये तशी नोंद आहे. पण लाईन थांबवायचा अधिकार त्यांच्याकडं नव्हता, सुपरवायझरकडं पण नव्हता, आणि डिस्पॅचचा तगादा रोजचाच. ज्यांच्या हाताला खराबी सगळ्यात आधी कळते त्यांनाच थांबवता येत नसेल तर असले नग पुढे जाणारच, आता हे बदलायचंय.

सोमवार 13 ऑक्टोबरपासून प्रत्येक कोर ट्रेवर टॅग लागेल, कोर कधी बनला त्याची तारीख आणि वेळ. 24 तासांच्या पुढचा कोर मोल्डमध्ये जाणार नाही, टॅग नसेल तर मोल्ड बंद करायचा नाही, मग डिस्पॅच कितीही अडलेला असू दे. कोर ओला वाटला, कोटिंग कच्चं वाटलं तर कोर शॉप आणि मोल्डिंगमधलं कुणीही, परमनंट असो की ट्रेनी, लाईन थांबवू शकतं, आधी विचारायची गरज नाही आणि त्यावरून कुणाला बोलणं बसणार नाही. कोर रूम बंदिस्त करायचं काम आणि हीटर याला मंजुरी मिळालीय. व्हीएमसी लांबली त्यातलं थोडं पैसं इकडं वळवलंय, कारण खराब कास्टिंग जोरात कापायला नवं मशीन आणून उपयोग काय. लॅडलचं टेंपरेचर दर वेळी लिहायचं, सँडचं मॉइश्चर 3 ते 3.5 मध्ये ठेवायचं, हे आधीपासून आहेच, आता ते शिफ्ट बदलताना दोन्ही सुपरवायझर सही करून घेतील. आणि प्रत्येक लॉटचे पहिले पाच नग कापून बघायचे, मगच बाकीचे मशीनवर चढवायचे.

25 नोव्हेंबरला कस्टमरचा ऑडिट आहे. त्याच्या आधी लागोपाठ तीन लॉट 3 टक्क्यांच्या आत आले पाहिजेत असं त्यांनी लेखी दिलंय, मग ते 40 टक्क्यांचा परत विचार करतील. "विचार करतील" एवढंच लिहिलंय, परत देतो असं लिहिलेलं नाही, म्हणून मी पण तुम्हाला तसा शब्द देत नाही. पाऊस संपलाय, हवा कोरडी होतीय, त्यामुळं आकडे आपोआप थोडे सुधारतील, पण त्यावर समाधान मानायचं नाही, पुढच्या जुलैत हाच पाऊस परत येणार आहे.

तिसऱ्या शिफ्टच्या 21 जणांना पहिल्या-दुसऱ्या शिफ्टमध्ये घेतोय. नाईट अलाउन्स जाणार, घरखर्चात फरक पडणार, कुणाचे गाडीचे हप्ते आहेत, कुणाच्या पोरांची कॉलेजची फी भरायचीय, मला याचं खरंच वाईट वाटतंय. ज्यांना अडचण आहे त्यांनी टाइम ऑफिसमध्ये ॲडव्हान्सचा फॉर्म भरा, बिनव्याजी, चार महिन्यात कापून घेऊ. कुणाला कुठली शिफ्ट सोयीची ते सुपरवायझरला या आठवड्यात सांगा, लांबून येणाऱ्यांची बसची वेळ बघून आधी त्यांचं ठरवू.

शनिवारी 11 तारखेला दुपारी अडीचला, शिफ्ट बदलायच्या वेळी, कॅन्टीनमध्ये दोन्ही शिफ्टचे सगळे या. टॅग कसा लिहायचा ते कोर शॉपच्या अक्काच दाखवतील, मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही. कापलेले नग पण टेबलावर ठेवतो, स्वतःच्या डोळ्यानं बघा, हातात घ्या. प्रश्न असतील ते तिथंच विचारा, पगाराचे पण विचारा, चारपर्यंत मी तिथंच आहे. सगळ्यांसमोर बोलायचं नसेल तर त्यानंतर केबिनमध्ये या की, दार उघडंच आहे.

प्लांट मॅनेजर
उद्यमबाग, बेळगाव