दुसरा कट्टा

रावेसाठी, म्हणजे कृषी पदवीतल्या गावात राहून करायच्या कामासाठी, दारव्हा तालुक्यातलं गाव मिळालं आणि आठवड्याच्या आत मी कमलाकाकूंचं बियाणं आपटलं. घरचं सोयाबीन, तीस-तीस किलोचे दोन कट्टे. पहिला त्यांनी ओसरीवरून अलगद उतरवला. दुसरा मी सरळ खाली टाकला.

"अवं पोरी!" काकू चुलीपासून धावत आल्या. "असं आपटतं काय? जीव हाय त्यात."

मला हसू आलं. उगवणशक्तीची चाचणी शिकवायला तर मीच आले होते.

दुसऱ्या दिवशी पाच बायका जमल्या. मी ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या ओळी मांडत होते, तर काकूंनी शेजारी आपलं गोणपाट पसरलं. माझ्या सहा ओळी होईस्तोवर त्यांच्या दहा झाल्या, गुंडाळून सुतळीही बांधली.

"तुही आपटलेल्या कट्ट्यातली, माही पहिल्यातली. पाहू."

रोज सकाळी दोन्ही गुंडाळ्यांवर पाणी शिंपडायचं. मधल्या दिवसांत त्यांनी तुरीचं मडकं दाखवलं. वर राखेचा जाड थर, खाली दाणे. मी जात कोणती विचारली.

"जात काय मालूम. सखल वावरात मर आला, सारी तूर वाळली. सात झाडं हिरवी रायली. त्यायलेच लाल चिंधी बांधली होती. दुसऱ्याचं इतं येऊच देलं नाही."

रोगप्रतिकारक्षम झाडांची निवड हा प्रश्न मला पाचव्या सत्रात पाच मार्कांना आला होता. चिंधीचा उल्लेख उत्तरात नव्हता.

सहाव्या दिवशी गोणपाटं उलगडली. काकूंच्या गुंडाळीत चौऱ्याऐंशी कोंब. माझ्यात एकसष्ट. मी दोनदा मोजले. न उगवलेले दाणे बोटानं दाबले तर साल सुटून डाळ वेगळी झाली. सोयाबीनचं साल पातळ, कोंब त्याच्या अगदी लगत. आपटलं की आतल्या आत मार बसतो. हे मला पाठ होतं. बायकांसमोर बोलायला तोंड उघडेना.

"आता?" मी हळूच विचारलं.

"आता काय, दाट पेरू."

मी मोबाइलवर हिशोब केला. सत्तर टक्क्यांना एकरी तीस किलो, तर एकसष्टला साडेचौतीसच्या आसपास. सांगायला वर पाहिलं, तर काकू पहिल्या कट्ट्यातून सुपानं दाणे काढून दुसऱ्यात टाकत होत्या. काट्यावर ठेवून पाहिलं: साडेचार किलो.

वहीतल्या 'प्रशिक्षक' रकान्यात माझं नाव आधीच लिहिलेलं होतं. खोडलं तर सर विचारतील, म्हणून तसंच ठेवलं.

पेरणीच्या सकाळी कट्टा बंडीवर चढवायला वाकले. काकूंनी काही न बोलता दुसरं टोक धरलं.