चिऊताईचं दार आणि लांडग्याचं ‘गं’ : बालकथांच्या भाषांतराचा अभ्यास

(भाषा प्रकल्प अहवाल, तृतीय वर्ष कला)

चार छोट्या लोककथा घेतल्या. दोन मराठीतून इंग्रजीत नेल्या, दोन इंग्रजीतून मराठीत आणल्या. आम्ही तिघी. एकीने भाषांतर करायचं, दुसरीने मूळ न पाहता ते पुन्हा पहिल्या भाषेत आणायचं आणि तिसरीने दोन्ही मजकूर शेजारी ठेवून कुठे काय सांडलं ते टिपायचं. अवघड शब्दांवर अडू असं वाटलं होतं, पण ते कोशात सापडले. अडलो ते ‘ताई’, ‘गं’, ‘तू’ असल्या चिमुकल्या शब्दांवर. म्हणून इथे दोनच कथांबद्दल सविस्तर लिहितो.

पहिली काऊ-चिऊची. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. ही घरं यमकातून उभी राहिली आहेत. ‘डंग’ आणि ‘वॅक्स’ म्हटलं की यमक जातं, शिवाय शेणाची घाणच तेवढी पुढे येते. मराठीत शेण हा सारवणाचा, रोजचा शब्द. काऊचं घर कच्चं आहे, किळसवाणं नाही. ‘मड’ घेतलं तर पावसात वाहून जाण्याचं कारण टिकतं, म्हणून आम्ही ‘मड’ घेतलं. यमक गेलं, याची हळहळ आहे.

खरा घोटाळा दारात झाला. मुळात काऊ भिजत येतो आणि हाक मारतो, “चिऊताई, चिऊताई, दार उघड.” आत उत्तर येतं, “थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालू दे.” मग, “थांब, बाळाला तीट लावू दे.” पहिल्या इंग्रजी मसुद्यात ‘ताई’ गळून नुसतं ‘स्पॅरो’ राहिलं आणि तीट ‘ब्लॅक स्पॉट’ झाली. उलट भाषांतरात मराठीत परत आलं ते असं : “चिमणी, दार उघड.” “थांब, मला बाळावर काळा डाग पाडायचा आहे.” हे वाचून हसायला आलं, पण पुढचं वाचताना हसू थांबलं. ‘ताई’ म्हणणारा काऊ नात्याने हाक मारतो, म्हणून चिऊचं ‘थांब’ बोचतं. ‘चिमणी’ म्हटल्यावर तो कुणी अनोळखी होतो आणि दार न उघडणारी चिऊ सावध, शहाणी वाटते. एका शब्दाने कथेचा कौलच फिरला.

तिटीसाठी आम्ही ‘अ लिटल ब्लॅक डॉट टु कीप माय बेबी सेफ’ असं केलं. लांबलं, पण ‘केस विंचरू दे’ असं बदलण्यापेक्षा बरं. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून जपणारी आई आणि बाहेर भिजणारा काऊ, हा ताण त्या एका ठिपक्यात आहे.

दुसरी कथा लाल टोपीवाल्या मुलीची. इंग्रजीतलं ‘यू’ मराठीत येताना विचारतंच, तू की तुम्ही? पहिल्या मसुद्यात मुलगी सगळीकडे ‘तू’ म्हणत होती. मग जंगलात अनोळखी लांडग्याला ‘तुम्ही’ केलं आणि आजीच्या पलंगापाशी ‘तू’ : “आजी, तुझे कान किती मोठे गं!” त्या ‘गं’ने सगळं उघडं पडलं. मुलगी पुरती फसली आहे, हे वाचणाऱ्या मुलाला तिच्या आधी कळतं. इंग्रजीत हे कुठेच नव्हतं. ते आमच्या पदरचं आहे. भर घालायचा हक्क आम्हाला आहे का, यावर आमचा बराच वेळ गेला. मला वाटतं, मराठीत इथे ‘गं’ न वापरणं हाही एक निर्णयच ठरला असता. त्याने मुलगी आजीशी परकेपणाने बोलतेय असं वाटलं असतं.

लांडगा आजीला खातो तिथेही थांबलो. ‘गॉबल्ड अप’ला ‘खाल्लं’ लिहिलं, तर आजी संपली. शार्ल पेरोच्या १६९७च्या कथेत ती आणि मुलगी दोघी खरंच संपतात. ग्रिम बंधूंच्या १८१२च्या संग्रहात मात्र शिकारी पोट फाडून दोघींना जिवंत बाहेर काढतो आणि आमचा इंग्रजी मजकूर त्याच वळणाचा होता. ‘खाऊन टाकलं’ने तर उरलीसुरली आशाही जाते. शेवटी ‘गट्टम केलं’ लिहिलं. गट्टम केलेली आजी अख्खी असते, ती परत येऊ शकते.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. मराठीत ‘बाळ’ नपुंसकलिंगी, त्यामुळे चिऊचं पिल्लू मुलगा की मुलगी हे विचारावं लागत नाही. इंग्रजीत ‘हिम’ किंवा ‘हर’ निवडावं लागतं आणि ‘इट’ आईच्या तोंडी कोरडं वाटतं. सध्या प्रत्येक वाक्यात ‘माय बेबी’ असंच ठेवलं आहे. मैत्रिणीला ते खटकतं, ती ‘हर’वर ठाम आहे. मला त्या पुनरुक्तीत चिऊचा आवाज ऐकू येतो. जोडलेल्या प्रतीत दोन्ही पाठ दिले आहेत.