नाणं उधारी फेडत नाही

नमस्कार. चहा यायला वीस मिनिटं आहेत असं मंडळाच्या सचिवांनी आत्ताच कानात सांगितलंय, त्यामुळे प्रस्तावनेला फाटा देते.

मागच्या गुरुवारी मी एस.वाय.च्या वर्गात एक खोडी काढली. अर्ध्या मुलांना म्हटलं, रुपयाचं नाणं शंभर वेळा उडवा आणि छापा-काटा जसा पडेल तसा लिहून आणा. उरलेल्यांना म्हटलं, नाण्याला हात लावायचा नाही, शंभर निकाल मनानेच लिहायचे, पण बघणाऱ्याला खरे वाटले पाहिजेत. कागदावर नाव नाही, गट नाही. मी ते कागद चाळले आणि दोन-चार सोडले तर सगळे बरोबर ओळखले. यात जादू काही नव्हती. मनाने लिहिणारा माणूस सलग चौथा छापा लिहिताना बिचकतो आणि पाचव्याला हमखास काटा लिहून मोकळा होतो. खऱ्या नाण्याला अशी भीडभाड नसते. शंभर फेकींत कुठेतरी सलग सहा किंवा जास्त सारखे निकाल येण्याची संभाव्यता सुमारे 80 टक्के आहे. म्हणून ज्या कागदावर सहा-सात छापे ओळीने दिसले, तो नाण्याचा.

पाचव्या छाप्याला बिचकणारा तो हात, तोच आजचा विषय. जुगाऱ्याचा भ्रम असं आपण त्याला म्हणतो, पण तो जडायला जुगार खेळावा लागत नाही. ल्यूडो खेळताना घरात कोणीतरी म्हणतंच, "किती वेळ झाला सहा पडला नाही, आता पडणार!"

क्रिकेटचं घ्या. नोव्हेंबर 2023 मधला विश्वचषकाचा अंतिम सामना, अहमदाबाद. तिथे आपण नाणेफेक हरलो आणि त्यानंतर पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यांत हरतच गेलो. सलग वीस. मध्ये 2025 ची चॅम्पियन्स ट्रॉफी आपण एकही नाणेफेक न जिंकता घरी आणली, हा भाग वेगळा. डिसेंबर 2025 मध्ये विशाखापट्टणमला ही साखळी तुटली. त्या दोन वर्षांत दर सामन्याआधी माझा भाऊ म्हणायचा, "ताई, आज जिंकणारच. किती वेळा हरणार?" आणि युक्तिवाद काय, तर "सलग एकवीस हरण्याची शक्यता वीस लाखांत एक असते, तूच शिकवतेस ना!"

शिकवते, आणि आकडा बरोबर आहे. 2 चा 21 वा घात 20,97,152. पण भाऊ दुसरा आकडा सांगायचं विसरतो. वीस हरून एकविसावी जिंकण्याची संभाव्यता किती? तीही 20,97,152 त एक. अगदी तेवढीच. मालिका सुरू होण्याआधी दोन्ही गोष्टी सारख्याच दुर्मीळ होत्या. वीस हारी होऊन गेल्यावर दुर्मीळ असं जे काही होतं ते मागे पडलं. समोर उरलं एक नाणं आणि त्याच्या दोन बाजू.

आता जरा महागडं उदाहरण. 18 ऑगस्ट 1913, माँटे कार्लोचा कॅसिनो. तिथल्या रूलेटच्या चाकावर 37 घरं असतात: 18 लाल, 18 काळी आणि एक शून्याचं. त्या रात्री गोळी काळ्यावर पडायला लागली ती थांबेचना. दहा-पंधरा वेळा काळा आल्यावर टेबलाभोवती गर्दी जमली आणि लोक लालवर पैसे लावू लागले. दर वेळी वाढवून, कारण आता लालची "पाळी" होती. सलग 26 वेळा काळा आला. ठरावीक 26 फेऱ्यांत प्रत्येक वेळी काळा येण्याची संभाव्यता साधारण 13 कोटी 68 लाखांत एक आहे. पण सव्विसाव्या फेरीला लालवर पैसे लावणाऱ्याची संधी पहिल्या फेरीला होती तेवढीच होती, 37 पैकी 18.

गंमत बघा. याच्या बरोबर 200 वर्षं आधी, 1713 मध्ये, याकोब बर्नुली या स्विस गणितीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो स्वतः 1705 मध्येच वारला होता, पुतण्याने ग्रंथ छापून आणला. त्यात मोठ्या संख्यांच्या नियमाची पहिली सिद्धता आहे. वीस वर्षं हे प्रमेय मनात घोळवल्याचं त्याने लिहून ठेवलंय. आणि लालवर पैसे लावणाऱ्यांना विचारलं असतं, तर त्यांनी याच बर्नुलीचा हवाला दिला असता: शेवटी लाल-काळे सारखे होतात असा नियमच आहे, मग इतके काळे झाल्यावर लाल यायला नको?

इथे खरी मेख आहे, म्हणून थोडं थांबते. नियम नक्की काय म्हणतो? फेकी वाढत गेल्या की छाप्यांचं प्रमाण अर्ध्याच्या जवळ जातं. प्रमाण. छापे आणि काटे संख्येने सारखे होतात असं तो कुठेच म्हणत नाही. समजा, पहिल्या दहा फेकींत दहाही छापे पडले. पुढच्या 990 फेकींत किती छापे अपेक्षित? 495. भ्रमात असलेला माणूस म्हणेल 490, कारण हिशोब जुळायला हवा. पण पुढच्या फेकींना मागचं देणं माहीतच नाही. एकूण अपेक्षित छापे 505, म्हणजे 50.5 टक्के. प्रमाण 100 टक्क्यांवरून 50.5 वर आलं आणि सुरुवातीचं वाढीव देणं एक पैसाही फिटलं नाही. हंडाभर पाण्यात चमचाभर मीठ टाकलं तर पाणी खारट लागत नाही, पण मीठ काही कोणी काढून घेतलेलं नसतं.

हे कागदावरचं झालं. प्रत्यक्ष करून पाहणाऱ्या एका माणसाची गोष्ट मला फार आवडते. जॉन केरिक, दक्षिण आफ्रिकेत शिकवणारा गणिती. 1940 मध्ये सासुरवाडीच्या मंडळींना भेटायला डेन्मार्कला गेला आणि नेमकं तेव्हाच जर्मन सैन्य तिथे घुसलं. युद्ध संपेपर्यंत त्याला नजरकैदेत राहावं लागलं. वेळ भरपूर, मग त्याने नाणं उडवायला घेतलं. दहा हजार वेळा. त्याच्या नोंदी 1946 मध्ये छापल्या गेल्या. फळ्यावर त्यातले चार आकडे लिहिते.

100 फेकी: 44 छापे.
1000 फेकी: 502 छापे.
5000 फेकी: 2533 छापे.
10,000 फेकी: 5067 छापे.

टक्केवारी बघा: 44, मग 50.2, 50.66, 50.67. नियम पाळला जातोय. आता अर्ध्यापासूनचा फरक बघा. शंभर फेकींनंतर 6 ने कमी. हजारला 2 ने जास्त. पाच हजारला 33 ने जास्त, दहा हजारला 67 ने जास्त. फरक वाढलाय! शेवटच्या पाच हजार फेकींत नाण्याने जुनं देणं फेडणं तर दूरच, आणखी 34 छापे अंगावर घेतले. आणि यात काहीही बिघडलेलं नाही. n फेकींत छाप्यांच्या संख्येचं प्रमाण विचलन, म्हणजे अपेक्षेपासून साधारण किती फरक पडतो त्याचं माप, √n/2 असतं, हे तुम्ही मागच्या सत्रात केलंय. शंभर फेकींना ते 5, दहा हजारांना 50. म्हणजे फरक दहापट पसरायला मुभा आहे. पण त्याच 50 ला दहा हजारांनी भागलं की अर्धा टक्का उरतो, आणि 5 ला शंभराने भागलं की पाच टक्के. फरक √n ने वाढतो, भाजक n ने, म्हणून प्रमाण आटोक्यात येतं. सगळा नियम एवढ्या भागाकारात आहे.

केरिकच्या नोंदींतली आणखी एक गोष्ट. पहिल्या दोन हजार फेकींत सलग चार छाप्यांनंतर काय आलं, हे मोजलं तर असे 130 प्रसंग सापडतात. काट्याची "पाळी" असती तर काटे बरेच जास्त यायला हवे होते. आले 61. छापे आले 69.

आमच्या वाड्यात एक काका होते. मटक्याचे आकडे वहीत लिहून ठेवायचे, तारीखवार, लाल शाईने चौकटी आखून. "सत्ता तीन आठवडे आला नाही, उद्या लागतोच." लहानपणी मला ती वही म्हणजे केवढा मोठा अभ्यास वाटायची. माझा संख्याशास्त्राशी पहिला संबंध तोच म्हणा ना. सोडत प्रामाणिक आहे असं धरलं (मटक्याच्या बाबतीत हे धरणंही धाडसाचंच), तर त्या वहीत उद्याबद्दल काहीच नव्हतं. मोठ्या संख्यांचा नियम तिथे कामाला लागत होता, पण काकांसाठी नाही. हजारो डाव घेणाऱ्यासाठी. रूलेटमध्ये एका आकड्यावर लावलेले पैसे लागले तर ते परत मिळून वर 35 पट मिळतात, घरं मात्र 37. म्हणजे दर शंभरामागे सरासरी 2 रुपये 70 पैसे कॅसिनोचे. एखादा खेळाडू एका रात्रीत काहीही जिंकू शकतो, पण कॅसिनोची सरासरी वर्षअखेरीला त्या 2.70 च्या आसपासच येते.

आणि जुगाराबाहेर हा भ्रम जिथे सर्वात जास्त दुखतो, ती जागा म्हणजे आपली घरं. "तीन मुली झाल्या, आता चौथा मुलगाच." हे वाक्य इथे कोणी ऐकलं नसेल असं मला वाटत नाही. फ्रेंच गणिती लाप्लासने 1814 च्या निबंधात फ्रान्समधल्या बापांबद्दल असंच लिहिलंय: मुलगा हवा असलेल्यांना, त्या महिन्यात गावात मुलगे जास्त जन्मले की धास्ती वाटायची, आता आपल्या वाट्याला मुलगी येणार म्हणून. शेजारच्या पाळण्यातून यांच्या पाळण्याचा हिशोब! त्या भाबडेपणाला हसता येतं. आपल्याकडच्या वाक्यात मात्र चौथ्या बाळंतपणाला सामोरी जाणारी बाई असते, म्हणून मला हसू येत नाही.

आता तुमच्यातला एखादा चिकित्सक विचारेल, मागच्या निकालांना कधीच किंमत नसते का? असते. पत्ते पिसून परत न ठेवता वाटत असाल आणि तीन एक्के बाहेर आले असतील, तर चौथ्याची संभाव्यता खरंच बदलते, कारण तिथे फेऱ्या एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. दुसरं, वीस वेळा काटाच पडला आणि नाणं कुणाचं ते माहीत नसेल, तर मी नाणं उलटून बघेन. दोन्हीकडे काटा तर नाही? तिथे संशय घ्यायचा तर पुढेही काटाच पडेल असा घ्यायचा. छाप्याची पाळी आली असं म्हणायला मात्र या दोन्हींतून काहीच आधार मिळत नाही.

चहा आलेला दिसतोय. दाराशी डब्यात नाणी ठेवलीत, सहा-सहा जणांचे गट करा. प्रत्येकाने पन्नास फेकी, म्हणजे गटाच्या तीनशे. वहीत दोन रकाने हवेत: एकात छाप्यांची टक्केवारी, दुसऱ्यात अर्ध्यापासूनचा फरक. पुढच्या गुरुवारी सगळ्या गटांच्या फेकी एकत्र करू आणि दोन्ही रकान्यांचे आलेख शेजारी-शेजारी काढू. आणि हो, नाणी परत आणा. मागच्या वर्षी डब्यात चोवीस टाकली होती, सतरा परत आली.