मनीषा, उद्याचं राजगडला जाणं रद्द करावं लागतंय

मनीषा, पहिल्यांदा मुद्द्याचं: उद्या पहाटे निघू नकोस. मी राजगडला येऊ शकत नाहीये. फोन करणार होते, पण आई आत्ताच झोपलीय आणि मी तिच्याच खोलीत बसलेय, म्हणून लिहितेय.

आईला डेंग्यू झालाय. मंगळवारपासून ताप होता, 102 च्या खाली येतच नव्हता. NS1 पॉझिटिव्ह आली तेव्हाच तुला सांगणार होते, पण डॉक्टर म्हणाले घरीच बघू, आणि मला वाटलं रविवारपर्यंत निभावेल. आज सकाळी ताप उतरलाही. मी बूट काढून ठेवले, सॅक भरली. दुपारी रिपोर्ट आला. प्लेटलेट्स 96 हजार. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं की डेंग्यूत ताप उतरला म्हणजे सुटलो असं नसतं, उलट त्यानंतरचे एक-दोन दिवसच डोळ्यांत तेल घालून बघायचे. पोटात जोरात दुखायला लागलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, फार सुस्ती आली, यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता ॲडमिट करायचं. उद्या सकाळी परत रक्त द्यायचंय. दर तासाला काही ना काही पाजतेय, ओआरएस, पेज, नारळपाणी. लघवी किती वेळा झाली तेही लिहून ठेवतेय.

शेजारच्या काकू दिवसभर बसायला तयार होत्या. आई तर सकाळपासून "तू जा गं, मला काही होत नाही" हेच म्हणतेय. म्हणजे यायचंच ठरवलं असतं तर येता आलं असतं, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण मला तिला सोडून यायचं नाहीये. गडावर रेंजचा भरवसा नाही. चोर दरवाजाची चढण मी चढले असते, पण मन घरी राहिलं असतं, आणि अर्ध्या मनाने मला तुझ्याबरोबर तिथे जायचं नाही. हॉस्टेलवर असल्यापासून आपण हा गड ठरवतोय.

तू यासाठी काय काय केलंस ते मला माहीत आहे. ओमला सासूबाईंकडे ठेवायची व्यवस्था, शनिवारीच तपासून संपवलेले पेपर, पहाटेच्या एसटीचं रिझर्व्हेशन. म्हणून फार वाईट वाटतंय गं. राग आला तर मोकळेपणाने सांग, मनात ठेवू नकोस. तिकिटाचे पैसे मी देणार आहे, त्यावर वाद घालायचा नाही. गुंजवण्यात ज्यांच्याकडे पिठलं-भाकरी सांगितली होती त्यांना मी मघाशीच फोन करून कळवलंय, ते तुझ्याकडे नको.

आता पुढचं. दादा मंगळवारी नागपूरहून येतोय आणि दिवाळी होईपर्यंत इथेच आहे. दिवाळीच्या आठवड्यात तुलाही जमणार नाही, मलाही नाही. म्हणून रविवार, 9 नोव्हेंबर. तू चेलाडी फाट्यापर्यंत एसटीने यायचं नाही. मी शनिवारी संध्याकाळी गाडी घेऊन साताऱ्यालाच येते, तुझ्याकडे झोपते, आणि पहाटे दोघी बरोबर निघू. ओमला मलाही भेटायचंय. त्या दिवशी तुझी शाळेची काही ड्यूटी लागली तर 16 तारीख. दोन्ही रविवार मी आत्ताच अडवून ठेवलेत. आईची तब्येत तोपर्यंत ठणठणीत व्हायला हवी, आणि काही वेगळं झालंच तर तुला आदल्या रात्री नाही, आधीच्या बुधवारपर्यंत सांगेन.

एक गोष्ट मात्र निसटणार. तुला सोनकी बघायची होती, ती नोव्हेंबरपर्यंत राहत नाही. तेव्हा उतारांवरचं गवत वाळून सोनेरी झालेलं असतं. पण हवा स्वच्छ मिळाली तर बालेकिल्ल्यावरून तोरणा, सिंहगड, पुरंदर सगळे दिसतात, आणि सुवेळा माचीवरच्या नेढ्यात बसायला घाईही नसेल. दिवस लहान असतो तेव्हा, म्हणून सहाला चढायला लागायचं, एवढं लक्षात ठेव.

डबा घेऊन पुण्याला ये वगैरे आत्ता करू नकोस, खरंच. आईला शांत पडू द्यायचंय. परवाचा रिपोर्ट आला की मीच फोन करते.

हे वाचलंस की फक्त "वाचलं" एवढं टाक, म्हणजे साडेतीनचा गजर तू काढलास याची मला खात्री होईल. साडेदहापर्यंत काही आलं नाही तर मी बाहेर गॅलरीत जाऊन तुला फोन लावते.

शुभदा